इनबॉक्सवरची चिठ्ठी कोणाला दिसते आणि कधी जाते?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकाने केलेले बोलणे. सभेला न आलेल्या ताईंनी मागितले म्हणून इथे लिहून देत आहोत.)



आज कर्जफेडीचं किंवा दप्तराचं काही बोलणार नाही. ते पुढच्या विषयात आहे. आज मला आपल्या वासिंदकडच्या एका गटाचा शनिवार सांगायचा आहे. गटाचं नाव घेत नाही. त्या ताई इथेच बसल्यात आणि त्यांनीच मला सांगितलं, "तू सांग, म्हणजे दुसऱ्या कोणाचं तसं व्हायला नको."

झालं असं. गटाने डोंबिवलीला शनिवारी स्टॉल लावायचं ठरवलं. नाचणीचे पापड, कुरडया, कुळथाचं पीठ. पंधरा किलो पापड बांधले. सचिव ताईंच्या लेकीने इन्स्टाग्रामवर गटाचं खातं काढून दिलं होतं आणि त्याला तीनशेच्या वर फॉलोअर झाले होते. बहुतेक सगळे कल्याण-डोंबिवलीचेच, दिवाळीत आपल्याकडून फराळ घेतलेले. तर ह्या ताईंनी शुक्रवारी सकाळी आठ वाजता, दळणाला जायच्या आधी, इनबॉक्सच्या वर जी छोटी चिठ्ठी लिहिता येते ना, त्यात लिहिलं: "उद्या डोंबिवलीला स्टॉल आहे, नक्की या." आणि निश्चिंत झाल्या. तीनशे लोकांना कळलं असं त्यांना वाटलं.

शनिवारी पहाटेची लोकल धरून सगळ्या गेल्या. एक वाजेपर्यंत उभ्या राहिल्या. नऊ किलो पापड परत वासिंदला आले. ओळखीचं गिऱ्हाईक फक्त दोन. दुसऱ्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाईक ताईंचा मेसेज आला, "अहो, तुम्ही आलात आणि कळवलं नाहीत?"

आता ही चूक कोणाची? ताईंची नाही, गिऱ्हाइकाचीही नाही. ती चिठ्ठी कशी चालते हे आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून आज तेवढंच बघू. ती कुठे दिसते, कोणाला दिसते आणि कधी जाते. तीनच गोष्टी.

चिठ्ठी कुठे असते

इंग्रजीत हिला नोट म्हणतात. मागच्या बैठकीत एका मावशींनी विचारलं होतं, "नोट म्हणजे पैशाची का?" नाही मावशी, पैशाची नाही. म्हणून आपण चिठ्ठीच म्हणू.

इन्स्टाग्रामने ही सोय डिसेंबर २०२२ मध्ये सगळीकडे सुरू केली. अॅप उघडलं की मेसेजचं चिन्ह दाबा. जिथे सगळ्यांशी झालेलं बोलणं एकाखाली एक दिसतं, तो इनबॉक्स. त्याच्याही वर गोल गोल फोटोंची एक आडवी ओळ असते. पहिला गोल तुमचा स्वतःचा. बाकीच्यांच्या डोक्यावर ढगासारखा छोटा फुगा असेल तर त्यात त्यांची चिठ्ठी. ओळ बोटाने डावीकडे सरकवली की पुढच्या चिठ्ठ्या दिसतात.

स्वतःच्या गोलावर दाबलं की लिहायला जागा मिळते. अक्षरं फक्त साठ. आपल्या ग्रामपंचायतीबाहेर काळा फळा असतो ना, त्यावर ग्रामसेवक खडूने एकच ओळ लिहितात, तसं समजा. आणि फळ्यासारखंच अजून एक आहे. तुम्ही नवीन ओळ लिहिली की जुनी पुसली जाते. एका खात्याची एका वेळी एकच चिठ्ठी.

फळा आणि चिठ्ठी ह्यात एक मोठा फरक मात्र आहे. फळा रस्त्याने जाणारा प्रत्येक जण वाचतो. चिठ्ठी इनबॉक्स उघडणाराच वाचतो. तुम्ही चिठ्ठी लिहिली म्हणून समोरच्याच्या फोनमध्ये मेसेज आल्यासारखी घंटी वाजते असं समजून बसू नका. त्याने स्वतःहून इनबॉक्स उघडला तरच ती त्याच्या नजरेस पडते. जो माणूस नुसतीच रील बघतो आणि मेसेजकडे जात नाही, त्याला तुमची चिठ्ठी दिसायची शक्यता कमीच.

कोणाला दिसते

इथे त्या ताईंचा शनिवार बुडाला. नीट ऐका.

चिठ्ठी लिहिताना खाली विचारलं जातं की कोणाला दाखवायची. मुख्य पर्याय दोन. एक "Followers you follow back" आणि दुसरा "Close Friends". अॅप अधूनमधून बदलतं, त्यामुळे शब्द थोडे वेगळे दिसले तर घाबरू नका. अर्थ तोच राहतो.

पहिल्याचा अर्थ असा: जे तुम्हाला फॉलो करतात आणि ज्यांना तुम्हीही उलट फॉलो करता, फक्त तेच. दोन्हीकडून नातं हवं. आपल्याकडे हळदीकुंकवाचं कसं असतं? तुम्ही माझ्याकडे आलात, मीही तुमच्याकडे आले, तर येणंजाणं आहे म्हणायचं. नुसतं एकीनेच यायचं आणि दुसरीने कधी जायचंच नाही, तर ते येणंजाणं नव्हे. चिठ्ठी येणंजाणं असलेल्यालाच दिसते.

व्हॉट्सअॅपच्या स्टेटसचं तुम्हाला माहीत आहे. त्यांचा नंबर तुमच्याकडे सेव्ह पाहिजे आणि तुमचा त्यांच्याकडे, तरच स्टेटस दिसतं. हेही तसंच दोन्हीकडचं. फक्त इथे नंबराच्या जागी फॉलो आहे.

आता त्या गटाचं खातं आम्ही सगळ्यांनी मिळून उघडलं. फॉलोअर तीनशे बारा. म्हणजे तीनशे बारा लोक गटाकडे येतात. पण गट स्वतः किती जणांना फॉलो करतो? सव्वीस. त्यातले सात तर रेसिपीवाले आणि बातम्यांवाले, ते काही आपल्याला फॉलो करत नाहीत. सव्वीसातून सात गेले, राहिले एकोणीस. तीनशे बारातल्या फक्त एकोणीस जणांना ती चिठ्ठी दिसू शकत होती. आणि ते एकोणीस कोण? सचिव ताईंची लेक, तिच्या मैत्रिणी, आपल्याच संघातल्या ताया आणि मी. गिऱ्हाइकं दोन. तीच दोन गिऱ्हाइकं स्टॉलवर आली.

हिशोब सरळ आहे ना? चिठ्ठी खोटी नव्हती. तिला वाचणारेच नव्हते.

तुमचा स्वतःचा विश्वास बसावा म्हणून आपण सभेत तीन फोन घेतले होते, ते इथे लिहिते. पहिला फोन गटाचा. दुसऱ्या फोनचं आणि गटाचं दोन्हीकडून फॉलो. तिसरा फोन गटाला फॉलो करतो, पण गट त्याला करत नाही. गटाच्या फोनवरून चिठ्ठी लिहिली, "चाचणी". दुसऱ्या फोनचा इनबॉक्स उघडला तर ओळीत चिठ्ठी आहे. तिसऱ्यावर नाही. मग गटाने तिसऱ्याला उलट फॉलो केलं, तिसऱ्याने इनबॉक्स बंद करून परत उघडला, आणि आता चिठ्ठी आली. घरी जाऊन तुम्हीही दोघी-तिघी मिळून असंच करून बघा. कारण चिठ्ठी कोणी कोणी पाहिली ह्याची यादी मिळत नाही. स्टेटसला खाली डोळ्याचं चिन्ह असतं, नावं दिसतात. इथे ते नाही. त्यामुळे दिसतेय की नाही हे तपासायचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या फोनवरून बघणं.

दुसरा पर्याय "Close Friends". ही तुम्ही स्वतः निवडलेली छोटी यादी. यादीत कोणाला घातलं किंवा काढलं तर त्या माणसाला कळवलं जात नाही, त्यामुळे रुसवाफुगवा होत नाही. फक्त गटाच्या ताया, घरची माणसं, एवढंच ठेवायचं असेल तर ही यादी बरी.

माझी स्वतःची गोष्ट

आता थोडं दुसऱ्या बाजूने. ज्याला दिसायला पाहिजे त्याला दिसली नाही, हे एक झालं. पण ज्याला दिसायला नको त्याला दिसली तर?

हे माझ्याच बाबतीत झालं, म्हणून सांगते. एकदा मुरबाडकडून बैठक आटपून येताना उशीर झाला. कल्याणला उतरले, कसाऱ्याची गाडी डोळ्यांसमोरून गेली. रात्रीचे साडेनऊ. गंमत म्हणून मी चिठ्ठी लिहिली, "गाडी चुकली, कल्याण स्टेशन, एकटीच." पाच मिनिटांत उत्तर आलं. "मी जवळच आहे, येऊ का?" नाव ओळखीचं नाही. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

अंगावर काटा आला हो. मी फलाटावर बायकांच्या डब्याच्या जागी जाऊन उभी राहिले, दोन भाजीवाल्या मावश्यांच्या शेजारी. आधी चिठ्ठी काढून टाकली. मग बघितलं, हा माणूस कोण? काही महिन्यांपूर्वी त्याने मला फॉलो केलं होतं आणि मी न बघता उलट फॉलो करून टाकलं होतं. कोणी फॉलो केलं की आपण करायचं, अशी एक सवय असते ना, तशी. मीच त्याला आत घेतलं होतं. चिठ्ठीने नियमाप्रमाणेच काम केलं.

तेव्हापासून माझा नियम असा. वैयक्तिक खात्यावरून उलट फॉलो करायचं ते ओळख पटल्यावरच. आणि मी आत्ता कुठे आहे, घरी कोण नाही, किती वाजता एकटी परतणार, हे चिठ्ठीत लिहायचं नाही. पोचल्यावर लिहायचं. "मुरबाडची बैठक छान झाली" हे घरी आल्यावरही लिहिता येतं.

एखादा नको असलेला माणूस आत आला असेल तर त्याला बाहेर काढता येतं. तुम्ही त्याला फॉलो करणं बंद केलंत की दोन्हीकडचं नातं तुटलं, पुढची चिठ्ठी त्याला त्या मार्गाने दिसणार नाही. किंवा तुमच्या प्रोफाइलवर "Followers" दाबा, त्याचं नाव शोधा आणि पुढचं "Remove" दाबा. तुम्ही काढलंत असा निरोप त्याला जात नाही. माणूस त्रासच देत असेल तर सरळ ब्लॉक करा. मग प्रश्नच मिटला.

एक गोष्ट मात्र राहते. चिठ्ठीचा फोटो कोणीही काढून ठेवू शकतं. फळ्यावरचं पुसलं तरी वाचणाऱ्याच्या डोक्यातलं पुसता येत नाही, तसंच. नवऱ्याशी झालेलं भांडण, जावेवरचा राग, गटातल्या कोणाचा थकलेला हप्ता, हे चिठ्ठीत घालू नका. ती एका दिवसात जाते म्हणून लिहाल, आणि तिचा फोटो गावभर फिरेल.

कधी जाते

चिठ्ठी चोवीस तास राहते. तारीख बदलली, रात्रीचे बारा वाजले म्हणून ती जात नाही. तुम्ही लिहिल्या क्षणापासून घड्याळ सुरू होतं. त्याआधी काढायची असेल तर स्वतःच्या गोलावर दाबा, काढून टाकायचा पर्याय येतो.

आता परत त्या शुक्रवारकडे चला. ताईंनी चिठ्ठी शुक्रवारी सकाळी आठला लिहिली. ती कधी गेली? शनिवारी सकाळी आठला. आणि स्टॉल किती वाजता लागला? नऊला. म्हणजे स्टॉल लागायच्या एक तास आधीच चिठ्ठी पुसली गेली होती. शनिवारी सकाळी चहा पिताना ज्याने नऊ वाजता इनबॉक्स उघडला, त्याला दोन्हीकडून फॉलो असूनही काही दिसलं नसतं.

त्यात "उद्या" हा शब्द. ज्याने शुक्रवारी वाचलं त्याला उद्या म्हणजे शनिवार. पण शनिवारी सकाळी सात वाजता ज्याने वाचलं, त्याला उद्या म्हणजे रविवार! चोवीस तास राहणाऱ्या चिठ्ठीला दोन दिवस लागतात, म्हणून तिच्यात "आज" आणि "उद्या" लिहायचंच नाही. वार लिहायचा.

मग पुढच्या वेळी आम्ही असं केलं. आठवडाभर आधी इनबॉक्समधले जुने मेसेज काढले. ज्यांनी ज्यांनी कधी ऑर्डर दिली होती, ज्यांचा पत्ता आपण पाहिला होता, अशा चौपन्न गिऱ्हाइकांना गटाच्या खात्यावरून उलट फॉलो केलं. काहींचं खातं खाजगी होतं, तिथे लगेच फॉलो होत नाही, "Requested" असं दिसतं. त्यांनी मान्य केल्यावरच नातं जुळतं. म्हणून हे काम आदल्या रात्री करायचं नाही, आठवडाभर आधी करायचं.

मग शुक्रवारी रात्री नऊला चिठ्ठी लिहिली. नऊच का? कारण ती शनिवारी रात्री नऊपर्यंत राहते. शुक्रवार रात्री जेवणानंतर फोन बघणारेही आले आणि शनिवार सकाळवालेही आले. मजकूर असा होता:

"शनिवार ९ ते १ स्टॉल, डोंबिवली पूर्व. नाचणी पापड. मेसेज करा"

काना, मात्रा, रफार, जोडाक्षरातला पाय मोडणं, मधली मोकळी जागा, सगळं वेगवेगळं मोजलं तरी हे अठ्ठावन्न भरतं. साठाच्या आत. वार आहे, वेळ आहे, जागा आहे, माल आहे. "नक्की या", "आपले नम्र" ह्याला जागा नाही, आणि गरजही नाही.

"मेसेज करा" हे मुद्दाम ठेवलं. कारण चिठ्ठीवर कोणी उत्तर दिलं तर ते चारचौघांत दिसत नाही, थेट तुमच्या इनबॉक्समध्ये साध्या मेसेजसारखं येतं. चिठ्ठी चोवीस तासांनी गेली तरी आलेलं उत्तर इनबॉक्समध्ये तसंच राहतं. त्या रात्री अकरा जणींची उत्तरं आली. "दोन किलो बाजूला ठेवा." "कुरडया आहेत का?" "स्टॉल नक्की कुठे?" सचिव ताईंनी वहीत नावासमोर किलो लिहिले आणि तेवढंच बांधून नेलं.

शनिवारी साडेअकराला पापड संपले. तिथूनच त्यांनी नवीन चिठ्ठी टाकली, "नाचणी पापड संपले. कुरडया आहेत, १ पर्यंत." जुनी आपोआप गेली. पण नव्या चिठ्ठीचे चोवीस तास नव्याने सुरू होतात, म्हणजे ती रविवारी साडेअकरापर्यंत दिसत राहिली असती. म्हणून घरी परतताना गाडीतच ती काढून टाकली. हे विसरायचं नाही. नाहीतर रविवारी कोणी तुम्हाला शोधत स्टॉलच्या जागी जाईल.

चिठ्ठी कशासाठी, कशासाठी नाही

नवीन गिऱ्हाईक चिठ्ठीने मिळत नाही, कारण नवीन माणसाशी आपलं येणंजाणंच नसतं. खातं सर्वांना खुलं असेल तर सगळ्या फॉलोअरांसाठी स्टोरी टाका. तीही चोवीस तासांचीच असते, पण तिला उलट फॉलोची अट नाही, आणि कोणी पाहिली तेही दिसतं. भाव, पत्ता, फोन नंबर ज्याला महिनाभर लागतो, त्याची पोस्ट करा. ती आपण काढेपर्यंत राहते. चिठ्ठी जुन्या, ओळखीच्या गिऱ्हाइकाला हळूच हाक मारायला. आणि जे इन्स्टाग्रामवर नाहीतच, त्यांना आपला नेहमीचा व्हॉट्सअॅप निरोप किंवा फोन.

पुढच्या बैठकीला येताना दोन कामं करून या. ज्या गटांचं खातं आहे त्यांनी आपल्याला फॉलो करणारे किती आणि त्यातले आपण उलट फॉलो करतो ते किती, हे दोन आकडे वहीत लिहून आणा. आणि ज्या तायांचं किंवा लेकींचं स्वतःचं खातं आहे, त्यांनी आज रात्री आपली यादी वरपासून खालपर्यंत वाचा. ज्या नावापुढे "हा कोण?" असं मनात येईल, त्याला काढा. कोणाला काढायचं जमलं नाही तर फोन घेऊन या, मी तिथेच बसून दाखवेन.

आणि हो, वासिंदच्या ताया, त्या परत आलेल्या नऊ किलोंपैकी दोन किलो मी घेतले होते, त्याचे पैसे माझ्याकडे राहिलेत. सभा संपली की घ्या.